हेडफोन पुन्हा जोडला की आवाज थेट टोकाला: अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूमचा घोळ

नीरव_७ (धागाकर्ता)

गेले साधारण तीन आठवडे माझ्या ब्लूटूथ हेडफोनचा मी अक्षरशः धसका घेतला आहे. माझा फोन अँड्रॉइडचा असून त्याच्या आवाजाच्या पट्टीवर १५ पायऱ्या आहेत आणि मी बहुतेक वेळ ५व्या पायरीवर ऐकतो. हेडफोन एकदा बंद करून पुन्हा सुरू केला, किंवा तो चालू ठेवून फोनचे ब्लूटूथ बंद-चालू केले, तरी जोडणी झाल्यानंतरचे पहिले गाणे कानठळ्या बसतील अशा आवाजात सुरू होते. मी घाईघाईने आवाज कमी करण्याचे बटण एकदाच दाबले की तो झटक्यात नेहमीच्या पातळीवर येतो आणि पुढची जोडणी तुटेपर्यंत तसाच राहतो.

हेडफोनच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे त्याचे फॅक्टरी रीसेट करून पाहिले, काही फरक पडला नाही. त्याच हेडफोनला वायर लावून ऐकले तर आवाज अगदी शहाण्यासारखा वागतो. त्याच सुमारास फोनची प्रणाली अद्ययावत झाली होती, त्यामुळे संशय तिकडे जातो. पण हेडफोनच्या अ‍ॅपनेही त्या दिवसांत स्वतःहून फर्मवेअर बदलले असण्याची शक्यता मला नाकारता येत नाही. सध्या मी हेडफोन गळ्यात ठेवून गाणे लावतो, बटण दाबतो आणि मगच तो कानावर घेतो. हे कायमचे करत राहायचे नसेल, तर कुठून सुरुवात करावी?

अर्धविराम

हा अनुभव मी घेतलेला आहे. फोनमध्ये अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम नावाची एक सोय असते. ती चालू असली की फोन हेडफोनला पूर्ण आवाज देण्याचा हुकूम सोडतो, आणि म्हणूनच आवाज टोकाला जातो. पेअरिंग पुसून टाका, पुन्हा पेअर करा. तेवढ्याने भागले नाही, तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन `Disable absolute volume` हे बटण चालू करा. माझ्याकडे नुसत्या पुन्हा पेअरिंगनेच काम झाले होते, त्यामुळे पुढच्या पायरीची वेळ आली नाही.

लोलक

अर्धविराम यांनी बोट योग्य जागी ठेवले आहे, मात्र कारण थोडे उलटे सांगितले आहे, आणि तेच उलटे धरून चालले तर पुढचे निदान चुकेल.

अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम हा पूर्ण आवाजाचा हुकूम नाही. आवाज कमी-जास्त करण्याचे काम दोघांपैकी नेमके कोणी करायचे, याविषयीचा तो करार आहे. हा करार झालेला नसतो तेव्हा फोन स्वतःच गाण्याचा संकेत बारीक करून पाठवतो आणि हेडफोन त्याच्या स्वतःच्या वेगळ्या पातळीने तो वाजवतो. म्हणजे एका पाइपावर दोन नळ बसवलेले असतात. करार झाला की फोन आपला नळ जवळपास पूर्ण उघडा ठेवतो, गाणे भरघोस पातळीवर पाठवतो आणि हेडफोनला फक्त एक आकडा कळवतो. तो आकडा ० ते १२७ यांच्या दरम्यान असतो आणि त्याप्रमाणे आवाज कमी करणे ही हेडफोनची जबाबदारी ठरते. ही सोय ब्लूटूथच्या रिमोट कंट्रोलच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे एव्हीआरसीपीमध्ये, १.४ या आवृत्तीपासून आली.

आता धोका कुठे आहे ते दिसेल. फोनने आपला नळ पूर्ण उघडला आहे, आणि हेडफोनने मात्र सांगितलेला आकडा काही कारणाने लागू केलेला नाही, अशा अवस्थेत कानावर जे येते त्याचेच वर्णन नीरव_७ यांनी केले आहे. दोघांपैकी कोणीही मुद्दाम मोठा आवाज मागितलेला नसतो. प्रत्येकाची समजूत अशी असते की आवाज कमी करण्याचे काम समोरचा करतो आहे.

तुमच्याकडून मला एकच निरीक्षण हवे आहे, पण ते नीट करा. हेडफोन कानावर न घेता जोडा, गाणे लावा आणि आवाज मोठा असताना बटणाला हात न लावता फोनची सेटिंग उघडून मीडियाची पट्टी पाहा. पट्टी स्वतःहून १५वर गेली आहे, की ती ५वरच असून फक्त कानाला आवाज मोठा येतो आहे? हे दोन आजार वेगळे आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

कंदील

माझ्याही हेडफोनचे असेच होते. फोन आला की समोरच्याचा आवाज इतका मोठा येतो की मला तो कानापासून दूर धरावा लागतो. गाण्यांचा आवाज मात्र ठीक असतो. वर सांगितलेले बटण मी चालू केले आणि हेडफोन पुन्हा जोडला, तरी काही उपयोग झाला नाही. मी काय चुकलो?

लोलक

कंदील, तुम्ही काहीही चुकलेले नाही, तुमचा प्रश्नच वेगळा आहे. फोनवरचे बोलणे गाण्यांच्या वाटेने जात नाही. ते हँड्सफ्री प्रोफाइलने जाते आणि तिथे आवाजाचा आकडा `AT+VGS` या निराळ्या आज्ञेने ठरतो, ज्याची मर्यादा ० ते १५ आहे. `Disable absolute volume` त्या वाटेला स्पर्शही करत नाही. कॉल चालू असताना, कॉलच्याच पट्टीवर आवाज कमी करून कॉल संपवा आणि पुढच्या कॉलला तो लक्षात राहतो का ते पाहा. राहत नसेल तर स्वतंत्र धागा काढा, तिथे बोलू. आणि या धाग्यासाठी चालू केलेले ते बटण पुन्हा बंद करून ठेवा. गरज नसताना ते चालू राहिले तर उद्या तुम्ही गाण्यांच्या आवाजाबद्दल प्रश्न विचारायला याल.

मध्यमा

मला हे वाचताना माझ्या हेडफोनची आठवण झाली, म्हणून लिहिते. माझा हेडफोन एकाच वेळी फोनला आणि लॅपटॉपला जोडलेला असतो. लॅपटॉप झोपेतून जागा झाला, की फोनवर चालू असलेल्या गाण्याचा आवाज एकदम वाढायचा. मी कितीतरी दिवस फोनलाच दोष देत होते. शेवटी लक्षात आले की लॅपटॉपवर आवाजाची पट्टी नेहमी १०० टक्क्यांवर असते, कारण मी तिथे आवाज प्लेअरच्या आत कमी करते. लॅपटॉप जोडला जाताच तो हेडफोनला आपला आकडा सांगत असावा, आणि हेडफोन तो फोनच्या गाण्यालाही लावत असावा. नीरव_७, तुमचा हेडफोन दुसऱ्या कशाला जोडलेला आहे का?

लोलक

मध्यमा यांचा तर्क मला पटतो. दोन यंत्रांना एकाच वेळी जोडता येणाऱ्या हेडफोनमध्ये आवाजाची पातळी बरेचदा एकच असते. ती प्रत्येक यंत्रासाठी वेगळी ठेवणे हे फर्मवेअर लिहिणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. लॅपटॉपने १२७ सांगितले की तेच फोनलाही लागू होते. विंडोजवर हा करार बंद करायचा असेल, तर त्यासाठी सेटिंगमध्ये बटण नाही. रजिस्ट्रीत जावे लागते आणि नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो:

```
reg add HKLM\SYSTEM\CurrentControlSet\Control\Bluetooth\Audio\AVRCP\CT /v DisableAbsoluteVolume /t REG_DWORD /d 1 /f
```

कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेला हवा. पण त्याआधी साधा उपाय करून पाहा: लॅपटॉपची मुख्य पट्टी ३० ते ४० टक्क्यांवर आणा आणि प्लेअरच्या आतली पट्टी पूर्ण ठेवा. तेवढ्यानेच काम झाले तर रजिस्ट्रीला हात लावण्याचे कारण उरत नाही.

नीरव_७

निरीक्षण केले. पट्टी ५वरच राहते. आवाज मोठा असताना ती तिळभरही हलत नाही. बटण दाबून आवाज कमी केला की पट्टी ४वर येते आणि आवाज मात्र जणू दहा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. मजेची गोष्ट म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण दाबले, तरीही आवाज कमीच होतो! पट्टी ६वर जाते आणि कानातला आवाज ६व्या पायरीला साजेसा होतो.

मध्यमा, माझा हेडफोनही दोन यंत्रांना जोडता येतो, म्हणून लॅपटॉपचे ब्लूटूथ पूर्ण बंद करून हा प्रयोग केला. तरीही तेच झाले. पुन्हा पेअरिंग करून पाहिले, तेही निष्फळ ठरले.

लोलक

आवाज वाढवण्याच्या बटणाने आवाज कमी होतो, हे निरीक्षण लाख मोलाचे आहे. बटण कोणतेही दाबा, फोन नव्या पायरीचा आकडा नव्याने पाठवतो. आणि हेडफोन तो आकडा पाळतो. म्हणजे करार अस्तित्वात आहे आणि हेडफोनला आज्ञा समजते. जोडणीच्या वेळी पाठवलेला पहिला आकडा तेवढा कुठेतरी हरवतो.

पट्टी स्वतःच १५वर गेली असती, तर मी म्हटले असते की हेडफोनने फोनला १२७ कळवले आणि फोनने ते खरे मानले, किंवा फोनने त्या हेडफोनच्या नावापुढे १२७ची नोंद करून ठेवली आहे. अँड्रॉइड प्रत्येक हेडफोनसाठी शेवटची पातळी स्वतंत्रपणे लक्षात ठेवतो, पेअरिंग पुसले की ती नोंद जाते आणि नव्या हेडफोनला मूळ प्रणालीत निम्म्या पट्टीपासून सुरुवात मिळते. अर्धविराम यांचे काम नुसत्या पुन्हा पेअरिंगने झाले ते बहुधा यामुळेच. तुमच्या बाबतीत पट्टी हलत नाही, म्हणून तो उपाय लागू पडला नाही.

आता पहिला आकडा गेलाच नाही, की गेला आणि हेडफोनने तो गिळला, हे ठरवायचे आहे. त्यासाठी दोघांमधले संभाषण पाहण्याखेरीज मार्ग नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Enable Bluetooth HCI snoop log` पूर्ण स्वरूपात चालू करा आणि फोनचे ब्लूटूथ एकदा बंद-चालू करा, नाहीतर नोंद सुरू होत नाही. मग हेडफोन जोडा, गाणे लावा, दहा सेकंद थांबा आणि आवाज वाढवण्याचे बटण एकदा दाबा. घड्याळाकडे पाहून प्रत्येक कृतीची वेळ कागदावर लिहून ठेवा. त्यानंतर संगणकावर:

```
adb bugreport
```

मिळालेल्या झिपमध्ये `btsnoop_hci.log` नावाची फाइल सापडेल. ती वायरशार्कमध्ये उघडा, गाळणीच्या जागी `btavrcp` लिहा आणि `SetAbsoluteVolume` असलेल्या ओळी शोधा. ५व्या पायरीसाठी ५ भागिले १५ गुणिले १२७, म्हणजे ४२ हा आकडा दिसायला हवा, आणि ६व्यासाठी ५०. काम झाल्यावर ती नोंद बंद करा, कारण तिच्यात इतर ब्लूटूथ व्यवहारही टिपले जातात. आणि फाइल इथे जशीच्या तशी चिकटवू नका.

शेंडेफळ

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला समजत नाही. बटण दाबून करार बंद करा आणि मोकळे व्हा. माझी फक्त एक शंका आहे. करार बंद केला तर फोन संकेत बारीक करून पाठवणार, म्हणजे आवाजाचा दर्जा कमी होणार. १६ बिटांपैकी काही बिटे वाया जातात, असे मी नेहमी ऐकत आलो आहे. प्रत्येक ६ डेसिबलला एक बिट, असा हिशेब आहे ना?

लोलक

हिशेब बरोबर आहे, परिणामाबद्दल मात्र मी तुमच्याइतका निश्चित नाही. ३० डेसिबलने बारीक केले तर कागदावर पाच बिटे जातात. पण गाणे त्यानंतर एसबीसी किंवा एएसीसारख्या कोडेकमधून दाबून पाठवले जाते, आणि तिथे होणारी काटछाट त्यापेक्षा बरीच ढोबळ असते. प्रत्यक्षात ऐकू येते ते वेगळेच: हेडफोनची स्वतःची पातळी टोकाला अडकलेली असेल तर त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरची बारीक सळसळ शांत खोलीत जाणवू लागते, कारण ती सळसळ फोनने गाणे बारीक केल्यामुळे कमी होत नाही. काही कानांना ती कळते, काहींना कळत नाही.

आणि खटाटोप यासाठी, की करार बंद करणे सर्वांनाच परवडत नाही. तो बंद केला की फोनला जोडल्या जाणाऱ्या सगळ्या हेडफोनसाठी आणि स्पीकरसाठी बंद होतो.

नीरव_७

दोन संध्याकाळी घालवल्या, पण संभाषण हाती लागले. माझ्या कागदावरच्या वेळा आणि लॉगमधल्या वेळा जुळवून जे दिसले ते लिहितो.

जोडणी होताच फोनने हेडफोनला विचारले की आवाज बदलला तर मला कळवशील का. हेडफोनने तात्पुरते उत्तर देताना स्वतःची सध्याची पातळी १२७ सांगितली. त्यानंतर लगेच, सेकंदाच्या आतच, फोनने `SetAbsoluteVolume` पाठवून ४२ सांगितले आणि हेडफोनने ते स्वीकारल्याचे उत्तरही दिले. उत्तरातही ४२ हाच आकडा होता. यानंतर गाणे सुरू होईपर्यंत आणि सुरू झाल्यावर दहा सेकंद, आवाजाबद्दल दोघांत एक अक्षरही बोलले गेले नाही. गाणे मात्र कर्कश वाजत होते. मी बटण दाबले, फोनने ५० पाठवले, हेडफोनने ५० स्वीकारले आणि आवाज खाली आला.

म्हणजे हेडफोन ४२ला हो म्हणाला आणि त्याने ते केले नाही. माझे वाचन बरोबर आहे का?

लोलक

वाचन अगदी बरोबर आहे, आणि फोनवरचा माझा संशय यामुळे बराच कमी झाला. फोनने योग्य वेळी योग्य आकडा पाठवला. हेडफोनने होकार दिला. पातळी पुन्हा १२७ झाली असेल, तर हेडफोनने ते फोनला कळवायला हवे होते, कारण फोनने तशी विनंती नोंदवलेली होती. तेही त्याने केले नाही. त्यामुळे पट्टी ५वर राहिली आणि तुम्हाला काही कळले नाही.

आता आणखी एकच गोष्ट पाहायची उरते. हेडफोनने ४२ कधीच लावले नाही, की लावले आणि नंतर कशाने तरी पुसले गेले? गाणे लावण्याआधी बटण दाबून पाहा. जोडणी झाल्यावर अर्धा मिनिट थांबा, एकदा वर आणि एकदा खाली दाबा, मग गाणे सुरू करा.

नीरव_७

आधी बटण दाबले तरी गाणे मोठ्यानेच सुरू होते! आणि एकदा गाणे सुरू असताना बटण दाबले, की नंतर कितीही वेळा थांबवून पुन्हा लावले तरी आवाज ठीक राहतो. पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा हेच झाले.

लोलक

मग घोळाची जागा सापडली असे मी म्हणेन. जोडणीनंतर गाण्याचा प्रवाह पहिल्यांदा उघडतो, त्या क्षणी हेडफोन आपला अ‍ॅम्प्लिफायर जागा करतो आणि त्याला स्वतःच्या स्मृतीतली पातळी देतो. त्या स्मृतीत १२७ लिहिलेले आहे, आणि त्याआधी आलेला आकडा तिथवर पोचलेलाच नाही. प्रवाह चालू असताना आलेला आकडा मात्र थेट अ‍ॅम्प्लिफायरला लागतो आणि जोडणी असेपर्यंत टिकतो. हा अंदाज आहे, फर्मवेअर मी पाहिलेले नाही. परंतु तुमच्या सगळ्या निरीक्षणांना तो एकटा पुरतो.

यावरून पुढचा मार्ग ठरतो. दुरुस्ती फर्मवेअरमध्येच होऊ शकते. उत्पादकाला लिहिताना आवाज मोठा येतो एवढेच लिहू नका, कारण त्यावर रीसेट करा हेच उत्तर येईल. ४२ स्वीकारले, गाणे सुरू झाल्यावर लागू नव्हते, बदल झाल्याची सूचना आली नाही, आणि गाण्याआधी बटण दाबूनही फरक पडला नाही, ही चार वाक्ये वेळांसह लिहा.

ती दुरुस्ती येईपर्यंत करार बंद करणे हा तुमच्यासाठी खरोखर योग्य उपाय आहे, कारण हेडफोन टोकाला अडकला तरी फोन संकेत बारीक करूनच पाठवील. फक्त क्रम चुकवू नका. आधी हेडफोन कानावरून काढा, फोनची पट्टी १वर आणा, `Disable absolute volume` चालू करा, फोनचे ब्लूटूथ बंद-चालू करा आणि मगच जोडा. बदल नव्या जोडणीपासूनच लागू होतो, चालू जोडणीत नाही. तो झाला आहे की नाही हे असे तपासता येते:

```
adb shell getprop persist.bluetooth.disableabsvol
```

उत्तर `true` आले पाहिजे. त्यानंतर गळ्यातच ठेवून गाणे लावा आणि पट्टी एकेक पायरीने वर न्या.

अर्धविराम

म्हणजे शेवटी मी सांगितलेलेच बटण दाबायचे! असो, कारण मी चुकीचे सांगितले होते हे मान्य करतो. पण एक प्रश्न उरतो. हा हेडफोन आधी ठीक चालत होता. दोष फर्मवेअरचा असेल, तर तो तीन आठवड्यांपूर्वीच का उगवला?

लोलक

प्रश्न रास्त आहे, आणि माझ्याकडे दोन शक्यता आहेत, दोन्ही सिद्ध न झालेल्या. एक म्हणजे हेडफोनचे फर्मवेअर खरोखरच तेव्हा बदलले. दुसरी अशी, की जुन्या प्रणालीत फोन तो पहिला आकडा थोडा उशिरा, प्रवाह उघडल्यानंतर पाठवत असावा आणि त्यामुळे हेडफोनचा दोष झाकला जात असावा. नव्या प्रणालीत तोच आकडा लवकर जातो आणि दोष उघडा पडतो. फोन दोन्ही वेळा नियमाने वागत असताना केवळ वेळ सरकल्याने बिघाड दिसू लागणे, हे ब्लूटूथमध्ये नवे नाही. अँड्रॉइडच्या ब्लूटूथ भागात काही यंत्रांच्या पत्त्यांची एक यादीच असते, ज्यांच्यासाठी अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम आपोआप बंद ठेवला जातो. तुमचा हेडफोन आधी त्या यादीत होता आणि आता नाही, असेही झाले असू शकते. म्हणजे खरे तर तिसरी शक्यताही आहे.

मध्यमा

माझ्याकडून अहवाल. लॅपटॉपची पट्टी ३५ टक्क्यांवर आणली आणि प्लेअर पूर्ण ठेवला. चार दिवस झाले, एकदाही आवाज उसळला नाही. लॅपटॉप जागा झाला की फोनच्या गाण्याचा आवाज अजूनही किंचित बदलतो, पण आता तो थोडा कमी होतो, आणि त्याचे मला काही वाटत नाही. रजिस्ट्रीला हात लावला नाही.

नीरव_७

माझाही अहवाल. सांगितलेल्या क्रमाने करार बंद केला, `true` दिसले. जोडणी तोडून जोडण्याचा प्रयोग वीसेक वेळा केला आणि एकदाही गाणे मोठ्याने सुरू झाले नाही. उत्पादकाला चार वाक्ये आणि वेळा लिहून पाठवल्या आहेत.

दोन गोष्टी मात्र खटकतात. पहिली म्हणजे पूर्वी ज्या आवाजासाठी पट्टी ५वर लागत असे, त्यासाठी आता २ पुरतात आणि ३वर जरा जास्तच वाटते. मधली पायरी नाही. हेडफोनवरच्या बटणांनी त्याची स्वतःची पातळी उतरवली तर ५वर पुन्हा नीट ऐकता येते, पण पुढच्या जोडणीला ती पातळी पूर्ववत टोकाला जाते. दुसरी गोष्ट म्हणजे लोलक यांनी सांगितलेली सळसळ. गाणे चालू असताना ती लक्षात येत नाही, दोन गाण्यांच्या मध्ये मात्र येते.

शेंडेफळ

पायऱ्यांसाठी प्लेअरच्या आतल्या इक्वलायझरमध्ये प्रीअ‍ॅम्प उणे ८ किंवा १० डेसिबलवर आणून पाहा. मग फोनची पट्टी वर नेता येते आणि जवळच्या दोन पायऱ्यांमधला फरकही कमी जाणवतो. सळसळीवर माझ्याकडे उपाय नाही.

लोलक

शेंडेफळ यांचा उपाय चालेल, फक्त तो त्या एका प्लेअरपुरता राहील. दुसऱ्या अ‍ॅपमधला व्हिडिओ लावताना ते ध्यानात असू द्या.

उत्सुकतेपोटी एक भर घालतो. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओमध्ये आवाजाचा आकडा ० ते २५५ असा आहे, आणि त्याच्या जोडीला हेडफोन एक खूणही ठेवतो: ही पातळी वापरणाऱ्याने ठरवलेली आहे, की यंत्र सुरू होताना आपोआप आलेली आहे. खूण दुसऱ्या प्रकारची दिसली की फोनने आपला आकडा पुन्हा लावावा, असा त्यामागचा विचार. शिवाय प्रत्येक बदलाला एक वाढता क्रमांक असतो, त्यामुळे जुनी पातळी धरून पाठवलेली आज्ञा नाकारता येते. नीरव_७ यांच्या हेडफोनने १२७ सांगितले तेव्हा अशी खूण सोबत असती, तर ते १२७ कोणाचे हे फोनला कळले असते. अर्थात हेडफोनने ती खूण प्रामाणिकपणे ठेवली तर.

कंदील

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण कळवायचे राहिले होते. कॉल चालू असताना कॉलचीच पट्टी खाली आणली आणि ती लक्षात राहिली. ते दुसरे बटणही बंद केले.

नीरव_७

उत्पादकाचे उत्तर आले. त्यांनी फर्मवेअरचा आवृत्ती क्रमांक आणि लॉग मागितला आहे. लॉग पूर्ण न देता फक्त आवाजाच्या ओळी वेगळ्या काढून पाठवता येतील का? वायरशार्कमध्ये गाळणी लावूनही जतन करताना सगळी फाइल जतन होते आहे.

लोलक

फाइल मेनूमध्ये `Export Specified Packets` घ्या आणि तिथे `Displayed` निवडा. गाळणीतून दिसणाऱ्याच ओळी नव्या फाइलमध्ये जातील. पण `btavrcp` एवढ्याच गाळणीत गाणे सुरू झाल्याची ओळ येणार नाही आणि तुमचा मुख्य मुद्दा तर तोच आहे, म्हणून गाळणी अशी लिहा:

```
btavrcp || btavdtp
```

पाठवण्याआधी ती फाइल एकदा उघडून पाहा. गाण्यांची नावे त्यात दिसतील, ती चालणार असतील तरच पाठवा.

नीरव_७

गाण्यांची नावे चालतील. फाइल पाठवली.